डी-डायमरचा रिपोर्ट हातात आल्यावर: कट-ऑफ कुठला धरायचा आणि निगेटिव्हवर कधी विसंबायचं

आधी एक रिपोर्ट बघा. ६८ वर्षांच्या एक बाई आहेत, दोन दिवसांपासून श्वास आत घेताना उजव्या कुशीत चमक निघते आणि जिना चढताना थोडी धाप लागते. लॅबकडून आलेली ओळ अशी आहे:

```
D-Dimer    0.61 mg/L FEU    H    (Ref: < 0.50)
```

आकड्याशेजारी तो एच छापलाय, म्हणजे हाय. घरचे घाबरलेत, गुठळी आहे का हो म्हणून विचारतायत, आणि ड्युटीवरचा नवा डॉक्टर सीटी अँजिओची रिक्वेस्ट भरायला बसलाय. माझं मत विचाराल तर या बाईंना त्या सीटीची गरज नाही, हा रिपोर्ट त्यांच्यासाठी निगेटिव्ह आहे. लॅबने चूक केली नाहीये आणि एचही खोटा नाहीये, फक्त लॅबला बाईंचं वय आणि तक्रार धरून कट-ऑफ लावायचा नसतो, तो आपल्याला लावायचा असतो. हे कसं ठरवायचं ते नव्याने वॉर्डात किंवा लॅबमध्ये आलेल्यांसाठी एकेक पायरी करून लिहितेय.

डी-डायमर म्हणजे नक्की काय मोजतो आपण

रक्त गोठतं तेव्हा फायब्रिनोजेन नावाच्या प्रोटीनपासून फायब्रिनचे धागे तयार होतात, आणि मग फॅक्टर तेरा नावाचं एन्झाइम त्या धाग्यांना एकमेकांशी पक्के टाके घालतं. दुसऱ्या बाजूला शरीर ही जाळी विरघळवतही असतं, त्या कामाला प्लाझ्मिन लागतं. प्लाझ्मिन धागे कापत जातं पण टाका घातलेली जागा काही त्याला तोडता येत नाही, तो जोडलेला तुकडा तसाच रक्तात सुटतो, तोच डी-डायमर. म्हणजे रक्तात डी-डायमर सापडला तर दोन गोष्टी झाल्यात, कुठेतरी पक्की जाळी बनली आणि ती विरघळायलाही लागली.

आता यातच टेस्टची ताकद आणि मर्यादा दोन्ही आहेत. पायाच्या खोल शिरेत किंवा फुफ्फुसाच्या धमनीत ताजी गुठळी असेल तर हे तुकडे जवळपास नेहमीच वाढतात. पण जाळी बनायला गुठळीच लागते असं थोडीच आहे, ऑपरेशनची जखम भरताना बनते, न्यूमोनियात बनते, कॅन्सरमध्ये, गरोदरपणात, मार लागल्यावर, लिव्हरच्या आजारात, आणि काही नसताना नुसतं वय वाढलं तरी आकडा वर सरकतो. म्हणून वाढलेला डी-डायमर कुठल्याच आजाराचं नाव घेत नाही. कमी असलेला मात्र बोलतो, आणि आपल्याला त्याचंच ऐकायचंय.

पहिली पायरी: रक्त काढायच्या आधी शक्यता ठरवा

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. छातीत दुखतंय म्हटलं की बाकी रक्तासोबत डी-डायमरलाही टिक केली जाते आणि रिपोर्ट आला की मग विचार सुरू होतो. क्रम उलटा झाला की निगेटिव्हचा अर्थच हातातून निसटतो, का ते आकड्यांत बघू.

समजा आपली टेस्ट अशी आहे की गुठळी असलेल्या १०० जणांपैकी ९५ जणांत ती पॉझिटिव्ह येते, आणि गुठळी नसलेल्या १०० पैकी फक्त ४० जणांत निगेटिव्ह येते. चांगल्या टेस्टचं साधारण असंच असतं, पकडते जवळपास सगळ्यांना पण उगाच धरलेलेही खूप असतात.

आता १००० लोक घ्या ज्यांच्यात गुठळीची शक्यता १० टक्के आहे. १०० जणांना गुठळी आहे, त्यातले ५ टेस्टच्या हातून सुटले. ९०० जणांना नाही, त्यातले ३६० निगेटिव्ह आले. म्हणजे एकूण निगेटिव्ह ३६५ आणि त्यात खरी गुठळी असलेले ५, म्हणजे दीड टक्क्याच्याही आत. शिवाय या ३६५ जणांचं स्कॅनिंग वाचलं.

आता तीच टेस्ट, तीच ट्यूब, तेच मशीन, पण लोक असे की ज्यांच्यात शक्यता ५० टक्के आहे. ५०० जणांना गुठळी, त्यातले २५ सुटले. उरलेल्या ५०० पैकी २०० निगेटिव्ह. म्हणजे २२५ निगेटिव्ह रिपोर्टमध्ये २५ गुठळ्या, दर नऊ जणांमागे एक! असा निगेटिव्ह हातात धरून कुणाला घरी पाठवायची माझी तरी हिंमत होणार नाही. टेस्ट तीच होती, बदलली ती फक्त आधीची शक्यता.

म्हणून आधी शक्यता. त्यासाठी वेल्स स्कोअर सगळ्यात जास्त वापरला जातो. फुफ्फुसातल्या गुठळीसाठी, म्हणजे पल्मोनरी एम्बोलिझम किंवा पीईसाठी, त्यात पायात खोल शिरेतल्या गुठळीची, म्हणजे डीव्हीटीची, चिन्हं दिसत असतील तर ३ गुण, दुसरं कुठलंही निदान पीईपेक्षा कमी पटतंय असं वाटत असेल तर ३, नाडी १०० च्या वर असेल तर दीड, गेल्या चार आठवड्यांत ऑपरेशन झालंय किंवा तीन दिवस वा जास्त अंथरुणाला खिळलेत तर दीड, पूर्वी गुठळी झाली असेल तर दीड, थुंकीतून रक्त येत असेल तर १ आणि कॅन्सर चालू असेल तर १. बेरीज ४ किंवा त्याच्या आत आली तर शक्यता कमी, डी-डायमर पाठवा. ४ च्या वर गेली तर डी-डायमरच्या नादी लागू नका, सरळ स्कॅन. पायातल्या गुठळीसाठी वेल्सचा वेगळा स्कोअर आहे, त्यात पोटरीचा घेर, कुठे दाबल्यावर दुखतं वगैरे बघतात, आणि तिथे रेष २ वर आहे, २ किंवा जास्त झाले की सरळ डॉप्लर. हे दोन स्कोअर एकमेकांत मिसळू नका, नवीन लोकांकडून हे होतं.

आपल्या बाईंकडे येऊ. नाडी ८८, पाय दोन्ही सारखे, पोटरी मऊ, ऑपरेशन नाही, कॅन्सर नाही, पूर्वी गुठळी नाही, थुंकीत रक्त नाही. आठवडाभर खोकला होता आणि बरगडीच्या एका जागी दाबलं की नेमकं तेच दुखणं उठतं, म्हणजे दुसरं निदान जास्त पटतंय. स्कोअर शून्य. हा शून्य केसपेपरवर रक्त काढायच्या आधी लिहा, वेळेसकट. रिपोर्ट बघून लिहिलेला स्कोअर नकळत रिपोर्टच्या बाजूने झुकतो, तो ‘दुसरं निदान कमी पटतं’ वाला ३ गुणांचा मुद्दा तर पूर्णच आपल्या मतावर आहे ना.

आणि पेशंटचं बीपी पडलंय, ऑक्सिजन उतरतोय, असं असेल तर ही टेस्टच नको. तिथे मिनिटं महत्त्वाची, रिपोर्टची वाट बघायची नाही.

दुसरी पायरी: ट्यूब

लवकर उरकते ही. निळ्या झाकणाची सायट्रेट ट्यूब, रक्त खुणेपर्यंत भरलेलं, नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट. अर्धवट भरली तर सायट्रेटचं प्रमाण जास्त होतं, प्लाझ्मा पातळ होतो आणि आकडा खोटा कमी येऊ शकतो, जो आपल्याला सगळ्यात महागात पडतो. ट्यूबमध्येच रक्त गोठलं असेल तर सॅम्पल फेकायचं आणि परत घ्यायचं. ट्यूब हळूच चार-पाच वेळा उलटीसुलटी करा, जोरात हलवू नका. लॅबवाल्यांनी सॅम्पल परत मागितलं तर त्यांच्यावर चिडू नका, ते तुमच्याच पेशंटला वाचवतायत.

तिसरी पायरी: आकड्याआधी युनिट वाचा

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण सगळ्यात मोठा घोळ इथे होतो आणि तो पेशंट बघून कळत नाही, फक्त कागद नीट वाचून कळतो.

डी-डायमर दोन पद्धतीने सांगितला जातो. एक एफईयू, त्यात जो तुकडा सापडला तो मूळ किती फायब्रिनोजेनमधून आला असेल त्या वजनात आकडा देतात. दुसरी डीडीयू, त्यात नुसत्या तुकड्याचं वजन देतात. मूळ प्रोटीन तुकड्याच्या साधारण दुप्पट जड, म्हणून त्याच रक्ताचा एफईयूतला आकडा डीडीयूतल्या आकड्याच्या साधारण दुप्पट येतो. गुठळी बाद करायचा जो ५०० चा प्रसिद्ध कट-ऑफ सगळ्यांच्या तोंडी असतो तो एफईयूतला आहे. डीडीयूत तोच साधारण २३० ते २५० च्या घरात असतो, नेमका किती ते त्या किटवर अवलंबून.

आणि हे कमी म्हणून की काय, वजनाचं युनिटही लॅबगणिक बदलतं. हे पाठच करून टाका:

```
0.5 mg/L = 0.5 µg/mL = 500 ng/mL = 500 µg/L
FEU ≈ 2 × DDU
```

पहिल्या ओळीतले चारही आकडे एकच आहेत, फक्त लिहायची तऱ्हा वेगळी. दुसऱ्या ओळीत मात्र ‘साधारण’ची खूण आहे, बरोबरची नाही, हे लक्षात घ्या. दुपटीचा गुणाकार आपल्याला अंदाज यायला ठीक आहे पण निर्णय नेहमी त्या लॅबने त्या किटसाठी दिलेल्या कट-ऑफवर घ्यायचा.

मी नवीन रेसिडेंट असताना रात्री दुसरीकडून पाठवलेला एक पेशंट आला, चाळिशीतला माणूस, धाप लागत होती, नाडी ११०. स्कोअर केला, दीड आला, शक्यता कमी. सोबत आणलेल्या रिपोर्टवर डी-डायमर ४१०. माझ्या डोक्यात ५०० पक्का बसलेला, ४१० म्हणजे आत, मी निगेटिव्ह लिहून मोकळी झाले. सकाळच्या राउंडला सीनियर मॅडमनी तो कागद हातात घेतला, आकडा न बघता आधी उजवीकडचा रकाना बघितला आणि मला विचारलं, हे डीडीयू आहे, याचा कट-ऑफ किती छापलाय? खाली बारीक अक्षरात २३० होतं. म्हणजे ४१० हा चक्क पॉझिटिव्ह होता, एफईयूत धरला तर ८०० च्या पुढे. सीटी केला, उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात गुठळी निघाली. पेशंट सावरला, पण ती रात्र तो उपचाराशिवाय राहिला माझ्यामुळे, आणि तेव्हापासून मी आकड्यावर बोट ठेवून आधी युनिट मोठ्याने वाचते, कुणी शेजारी असो नसो.

रिपोर्टवर नुसतं ng/mL लिहिलंय आणि एफईयू की डीडीयू काहीच नाही, असंही दिसतं. तेव्हा अंदाज बांधू नका, लॅबला फोन लावा आणि दोन प्रश्न विचारा: युनिट एफईयू आहे की डीडीयू, आणि या किटचा गुठळी बाद करायचा कट-ऑफ किती. दुसरा प्रश्न मुद्दाम असाच विचारायचा, ‘नॉर्मल रेंज किती’ असा नाही. कारण नॉर्मल रेंज ही निरोगी लोकांचं रक्त तपासून काढलेली असते, आणि बाद करायचा कट-ऑफ हा गुठळीची शंका असलेल्या पेशंटवर तपासून काढलेला असतो. बऱ्याचदा दोन्ही जवळपास असतात, पण नेहमी नाही.

अजून एक. दोन वेगळ्या किटचे आकडे, युनिट सेम असलं तरी, एकमेकांशी ताडून बघू नका. प्रत्येक किटमधली अँटिबॉडी तुकड्याची वेगळी जागा पकडते आणि सगळ्यांना एकाच मापावर आणणारं स्टँडर्ड नाहीये. काल तिकडे ७०० होता आज इकडे ५५० आला म्हणजे उतरला, असं म्हणता येत नाही. आणि स्लाइडवर थेंब टाकून डोळ्याने बघायची जी जुनी लॅटेक्स टेस्ट असते तिची पकड मशीनवरच्या टेस्टपेक्षा कमी असते, ती निगेटिव्ह आली म्हणून तेवढाच भरवसा ठेवू नका.

चौथी पायरी: या पेशंटसाठी कट-ऑफ कुठला

कट-ऑफ म्हणजे काही निसर्गाने आखलेली रेष नाही. ती आपण आखतो, आणि दोन चुकांमध्ये तोल साधून आखतो. रेष खाली घेतली तर गुठळी सुटायची भीती जवळपास जाते पण निगेटिव्ह कुणी येतच नाही, सगळ्यांनाच सीटीत घालावं लागतं, म्हणजे रेडिएशन, किडनीवर डायचा भार, आणि एखादी बारीकशी शंकास्पद सावली दिसली म्हणून महिनोन्‌महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या. रेष वर नेली तर स्कॅन वाचतात पण गुठळी सुटू शकते. ५०० ही रेष इतकी खाली ठेवलीय की गुठळी सहसा सुटू नये.

पण वयाने आकडा आपोआप वाढतो म्हटलं ना, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांत ५०० ची रेष निरुपयोगी व्हायला लागते. २०१४ मध्ये आलेल्या अ‍ॅडजस्ट-पीई नावाच्या अभ्यासात हे फार छान दिसलं. त्यांनी ५० च्या पुढच्या लोकांसाठी कट-ऑफ म्हणून वय गुणिले १० हा आकडा घेतला, एफईयूत. ज्यांची आधीची शक्यता जास्त नव्हती अशा ७५ आणि पुढच्या वयाच्या लोकांत ५०० च्या रेषेने फक्त ६.४ टक्के लोकांची गुठळी बाद करता येत होती, वयाच्या रेषेने तेच प्रमाण २९.७ टक्के झालं. आणि सुरक्षित होतं का? ज्यांचा आकडा ५०० च्या वर पण वयाच्या रेषेच्या आत होता असे ३३१ जण उपचार न देता तीन महिने पाहिले, त्यातल्या एकालाच गुठळी निघाली. डी-डायमरच्या बाबतीत ‘बाद केली’ याचा अर्थ असाच असतो बरं का, शून्य धोका नाही, तर पुढच्या तीन महिन्यांत गुठळी निघायचं प्रमाण इतकं कमी की सगळ्यांना स्कॅन करण्यापेक्षा न करणं बरं.

आपल्या बाई ६८ च्या. ६८ गुणिले १०, म्हणजे ६८०. त्यांचा आकडा ०.६१ मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे ६१० नॅनोग्रॅम प्रति मिली, एफईयू. ६१० हे ६८० च्या आत. स्कोअर कमी, आकडा रेषेखाली, गुठळी बाद. एच छापला कारण मशीनमध्ये सगळ्यांसाठी एकच ०.५० भरलेला आहे.

आता हाच ६१० डीडीयूत असता तर? तिथे वय गुणिले १० चालत नाही, वय गुणिले ५ धरतात, म्हणजे ३४०. ६१० त्याच्या कितीतरी वर, बाई पॉझिटिव्ह आणि सीटी करावा लागला असता. तोच आकडा, तेच वय, आणि निर्णय बरोबर उलटा. म्हणून तिसरी पायरी चौथीच्या आधी.

कट-ऑफ ठरवायची अजून एक पद्धत आहे, इयर्स नावाची, २०१७ ची. तिच्यात तीनच प्रश्न: डीव्हीटीची चिन्हं आहेत का, थुंकीत रक्त आहे का, आणि पीई हेच सगळ्यात जास्त पटणारं निदान आहे का. तिन्हींना नाही असेल तर कट-ऑफ १०००, एकालाही हो असेल तर ५००, दोन्ही एफईयूत. कल्पना तीच जी आपण १००० माणसांच्या हिशोबात बघितली, आधीची शक्यता कमी असेल तर रेष थोडी वर नेली तरी चालतं. आपल्या बाईंना तिन्ही उत्तरं नाही, म्हणजे या पद्धतीनेही ६१० निगेटिव्हच.

एवढं मात्र पाळा की पद्धत आधी ठरवायची आणि शेवटपर्यंत तीच धरायची. आकडा आल्यावर कुठल्या पद्धतीत हा बसतो बरं असं शोधत बसायचं नाही, आणि वयाची रेष आणि हजाराची रेष एकत्र करून स्वतःचीच तिसरी रेष तर अजिबात आखायची नाही. तुमच्या युनिटमध्ये जी पद्धत ठरलीय ती विचारून घ्या आणि भिंतीवर चिकटवा.

पाचवी पायरी: निगेटिव्हवर कधी विसंबायचं नाही

आधीची शक्यता जास्त असेल तर विसंबायचं नाही, ते झालंच सांगून. बाकी तीन गोष्टी मी प्रत्येक पेशंटला तोंडाने विचारते कारण त्या रिपोर्टवर कधीच लिहिलेल्या नसतात.

पहिली, रक्त पातळ करायचं औषध चालू आहे का, किंवा कालच कुणी इंजेक्शन दिलंय का. औषधाने नवीन जाळी बनायची थांबते आणि एका दिवसातही आकडा बराच खाली येऊ शकतो, गुठळी तिथेच असताना. म्हणून शंका आली की आधी रक्त घ्या, मग इंजेक्शन द्या.

दुसरी, त्रास नेमका कधीपासून आहे. गुठळी जुनी होत गेली की तुकडे सुटायचं प्रमाण उतरतं, आणि रक्तात आधी सुटलेला डी-डायमर काही तासांतच अर्ध्यावर येत राहतो, तो साठून राहत नाही. पोटरी तीन आठवड्यांपासून सुजलीय आणि पेशंट आज आलाय तर निगेटिव्ह आकड्याने माझं समाधान होत नाही. इथे नीट खोदून विचारावं लागतं, कारण लोक ‘कालपासून’ म्हणतात आणि मग सोबत आलेली मुलगी म्हणते अगं आई, तू तर महिन्याच्या सुरुवातीपासून पाय ओढत चाललीयस.

तिसरी, दुखणं नेमकं कुठे आहे. पोटरीच्या एखाद्या छोट्या शिरेतली किंवा फुफ्फुसाच्या अगदी टोकाच्या फांदीतली बारीक गुठळी कधीकधी आकडा फारसा वाढवत नाही. त्यातल्या बऱ्याच पुढे काही करत नाहीत, पण त्रास वाढत असेल तर परत तपासायचं.

गरोदर बायकांचं वेगळंच. महिने भरत जातात तसा डी-डायमर आपोआप चढतो, शेवटच्या तिमाहीत ५०० च्या आत येणारी क्वचितच सापडते. त्यांच्यासाठी वेगळे ठरवलेले मार्ग आहेत, ते सीनियरांबरोबर बसूनच वापरा, स्वतःच्या भरवशावर नको. तसंच वॉर्डात आठवडाभर अ‍ॅडमिट असलेला, ऑपरेशन झालेला, कॅन्सरचा पेशंट, यांच्यात निगेटिव्ह आला तर नियमानुसार कामाचा असतो, पण येतो इतक्या कमी जणांचा की टेस्ट पाठवून वेळच जातो.

पॉझिटिव्ह आला तर

पॉझिटिव्ह आला तर स्कॅन. बस, एवढंच. पायासाठी डॉप्लर, छातीसाठी सीटी अँजिओ, किंवा किडनी नाजूक असेल तर व्ही-क्यू स्कॅन. पॉझिटिव्ह डी-डायमर म्हणजे गुठळी आहे असं पेशंटला सांगू नका, महिनोन्‌महिन्यांच्या गोळ्या नुसत्या आकड्यावर सुरू करू नका. स्कॅनला काही तास लागणार असतील आणि शंका पक्की असेल तर तोवर इंजेक्शन द्यायचं की नाही हा निर्णय सीनियर घेतात, पण तोही शंकेवर घेतात, आकड्यावर नाही. आणि एकदा पॉझिटिव्ह आलेला डी-डायमर दुसऱ्या दिवशी परत करून ‘उतरला का बघू’ हे तर नकोच, त्याने स्कॅन लांबतो, दुसरं काही होत नाही.

बाईंना काय सांगितलं

रिपोर्ट हातात धरून त्यांच्या मुलाने तो एच मला तीन वेळा दाखवला. मी त्याला केसपेपरच्या मागे लिहून दाखवलं, ६८ गुणिले १०, ६८०, तुमच्या आईचा ६१०. मग त्याने विचारलं, पण मॅडम नॉर्मल तर ५०० लिहिलंय ना. मी म्हटलं, ५०० ही सगळ्यांसाठी छापलेली रेष आहे, वय वाढलं की हा आकडा गुठळी नसतानाही वर जातो म्हणून पन्नाशीच्या पुढच्या माणसाची रेष वेगळी धरतात, आणि नुसत्या आकड्यावर नाही, आईला तपासून शक्यता कमी निघाली म्हणूनच मी हे म्हणतेय. बाई मध्येच म्हणाल्या, मग दुखतंय कशानं? बरगडीच्या स्नायूचं आहे, खोकून खोकून धरलंय, छातीचा एक्स-रे साफ आहे. त्यावर त्या जरा सैलावल्या.

केसपेपरवर मी असं लिहिलं: वेल्स ०, रक्त घेण्याआधी, डी-डायमर ६१० एफईयू, वयानुसार कट-ऑफ ६८०, निगेटिव्ह, रक्त पातळ करायचं औषध नाही, त्रास २ दिवस, पीई बाद. एवढ्या एका ओळीत पुढच्या डॉक्टरला सगळं कळतं, मी सीटी का केला नाही हेसुद्धा. आणि घरी सोडताना मुलाला सांगितलं की पोटरी एका बाजूने सुजली, थुंकीत रक्त दिसलं, चक्कर येऊन पडल्या किंवा धाप वाढली तर लगेच घेऊन या, आणि तेव्हा आजचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह आलाय’ म्हणून पुढे करू नका, कारण तेव्हा स्कोअरच शून्य राहणार नाही, सगळं पहिल्या पायरीपासून परत मोजावं लागेल.